ॲरेमध्ये वाचणं स्वस्त, मध्ये घुसणं महाग

दहा लाख आकड्यांच्या ॲरेतला सात लाखावा आकडा मागा. पहिला आकडा काढायला जेवढं काम, तेवढ्यातच तोही मिळतो. संगणक पहिल्यापासून मोजत जात नाही. पण त्याच ॲरेच्या सुरुवातीला एक नवा आकडा घालायला सांगितलं, तर दहाच्या दहा लाख आकडे जागचे हलवावे लागतात. हा फायदा आणि हा तोटा एकाच अटीतून येतात: ॲरेतले घटक मेमरीत एकमेकांना चिकटून, क्रमाने आणि सारख्या आकाराच्या घरांत बसलेले असले पाहिजेत.

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, तोच त्याचा पत्ता. समजा, पूर्णांकांचा ॲरे १००० या पत्त्यापासून सुरू होतो आणि एका पूर्णांकाला ४ बाइट लागतात. मग `a[0]` असेल १००० वर, `a[1]` १००४ वर, `a[3]` १०१२ वर. आणि `a[700000]`? १००० + ७,००,००० × ४, म्हणजे २८,०१,०००. एक गुणाकार, एक बेरीज, संपलं. इंडेक्स शून्यापासून का मोजतात, तेही इथेच कळतं: सुरुवातीपासून किती घरं ओलांडायची, एवढंच तो सांगतो.

याला ‘स्थिर वेळ’ म्हणतात, पण त्याचा अर्थ दरवेळी नेमके तेवढेच नॅनोसेकंद असा नाही. घटक प्रोसेसरजवळच्या कॅशेत असेल तर पटकन हाती येतो, मुख्य मेमरीतून आणावा लागला तर कित्येक पट उशीर होतो. ॲरे दुप्पट लांब झाला म्हणून पत्ता काढायच्या पायऱ्या मात्र वाढत नाहीत.

आता मध्ये घालण्याकडे वळू. ॲरेत १०, २०, ३०, ४०, ५० आहेत, शेवटी थोडी मोकळी जागा आहे, आणि इंडेक्स २ वर २५ हवा आहे. पत्ता तर लगेच सापडतो, पण तिथे ३० बसलेला आहे. नवं घर मध्येच उभं करता येत नाही, कारण शेजारच्या पत्त्यावर आधीच कुणीतरी आहे. मग ३० पासून पुढचे सगळे एकेक घर सरकवायचे:

```c
for (int i = n; i > 2; i--)
    a[i] = a[i - 1];
a[2] = 25;
n++;
```

सरकवणं शेवटून सुरू होतं, हे नीट पाहा. नवशिके हमखास पुढून सुरू करतात. मग ३० आधी ४० च्या जागी जातो, तिथून ५० च्या जागी, तिथून पुढच्या मोकळ्या घरात, आणि २५ ठेवण्याआधी हाती उरतं १०, २०, ३०, ३०, ३०, ३०. ४० आणि ५० कायमचे पुसले गेले. एकच आकडा ओळीने पसरलेला दिसला, की चूक इथे आहे असं समजावं.

पाच घटकांत तीन हलले. n घटकांच्या ॲरेत एखाद्या जागी घालताना त्या जागेपासून पुढचे सगळे हलतात, म्हणजे सरासरी निम्मे. शेवटी जोडताना, जागा शिल्लक असेल तर, एकही हलत नाही. ‘ॲरेत घालणं महाग’ असं सरसकट म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे. महाग आहे ते पुढच्यांना ढकलणं.

एकदा ढकललं तर कुणाला कळतही नाही. संगणक सलग मेमरी फार वेगाने हलवतो. खरा फटका बसतो तो लूपमध्ये. पायथॉनची लिस्टही आतून ॲरेच असते (तिच्या घरांत वस्तू नसतात, वस्तूंचे पत्ते असतात). रिकाम्या लिस्टमध्ये `insert(0, x)` करत १ लाख नोंदी भरल्या, तर हलवाहलव ० + १ + २ + … + ९९,९९९ इतकी, म्हणजे सुमारे ५०० कोटी होते. नोंदी दुप्पट केल्या की वेळ जवळपास चौपट होतो. असं दिसलं तर आधी `insert(0` शोधावं. अशा वेळी `append` करून शेवटी एकदाच `reverse` करणं पुरतं, किंवा दोन्ही टोकांना जोडणं स्वस्त असलेला `deque` वापरावा.

पण मध्येच घालणं हेच ज्याचं मुख्य काम आहे, त्या टेक्स्ट एडिटरने काय करायचं? इमॅक्स या एडिटरने वापरलेली तोड मला फार आवडते. मजकूर ॲरेतच ठेवायचा, पण मोकळी जागा शेवटी न ठेवता कर्सरपाशी ठेवायची. टाइप केलेलं अक्षर थेट त्या फटीत पडतं, कुणालाही हलावं लागत नाही. कर्सर दुसरीकडे नेऊन लिहायला लागलं, की फट तिथे न्यावी लागते आणि मधली अक्षरं पलीकडे सरकतात. खर्च उरतोच, पण तो आता अंतरावर ठरतो, आणि आपण सहसा एकाच ठिकाणी बरीच अक्षरं लिहितो. वाचणंही स्थिर वेळेतच राहतं, फक्त फटीपलीकडच्या अक्षराचा पत्ता काढताना फटीची लांबी त्यात मिळवावी लागते.