एक सेल तापला म्हणजे डायोड गेला असं नाहीये

"सोलर पॅनलचा एकच सेल भयंकर तापतोय, म्हणजे बायपास डायोड उडाला ना?"

नाही हो, डायोड ठणठणीत असतानाही सेल तापतो. ६० सेलच्या पॅनलमधे साधारण २० सेलमागे एक डायोड असतो, गटातला सेल अडला की तो करंट बाहेरून वळवतो. समजा तडा जाऊन एका सेलचा पाचवा भाग तुटला, तर बाकीचे ९ अँपिअर देत असताना हा जेमतेम ७ देतो, मग उरलेले १९ सेल त्याच्यावर उलटं व्होल्टेज टाकतात आणि ते १० व्होल्टच्या आसपास गेल्याशिवाय डायोड चालूच होत नाही. म्हणजे ७० वॅटपर्यंत उष्णता त्या एका सेलमधे! डायोड फक्त त्यापुढे जाऊ देत नाही.

अर्धवट सावलीतही हेच होतं. नागपुरात गच्चीवर टाकी, कूलरचा स्टँड, डिश असतंच, म्हणून आधी सावली आणि पक्ष्यांची घाण काढा, सिस्टिम चालू ठेवून कडक उन्हात पंधरा मिनिटांनी थर्मल कॅमेऱ्याने परत बघा. थंड झाला तर सावली, तसाच तापला तर बहुतेक तडा, पॅनल बदला.

डायोडवरच शंका असेल तर तोच सेल पुठ्ठ्याने पूर्ण झाका पण काही सेकंदच, कारण डायोड खरंच तुटलेला असेल तर सेल जळू शकतो. पॅनलचं व्होल्टेज तिसऱ्या हिश्श्याने पडलं आणि स्ट्रिंगचा, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलांचा, करंट टिकला तर डायोड काम करतोय, करंटच कोसळला तर तो खराब.