मर्ज सॉर्टची पार्श्वभूमी: पंच कार्डांचे दोन गठ्ठे आणि एक न बांधलेलं यंत्र

1945 साली जॉन फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या संगणकासाठी हाताने एक प्रोग्रॅम लिहिला. यंत्र तेव्हा फक्त कागदावर होतं. असा संगणक प्रामुख्याने आकडेमोडीसाठी बांधायचा, हे उघड होतं. फॉन नॉयमन यांना मात्र वेगळीच गोष्ट तपासायची होती: जिथे बेरीज-गुणाकार जवळजवळ नाहीत, नुसतं 'हे मोठं की ते' पाहून पुढचं ठरवायचं आहे, अशा कामात हे यंत्र टिकेल का? त्यासाठी त्यांनी क्रमवारी लावण्याचं काम निवडलं. त्यातून आज आपण ज्याला मर्ज सॉर्ट म्हणतो ती पद्धत पुढे आली. डोनाल्ड क्नुथ यांनी 1970 मध्ये त्या हस्तलिखिताचं विश्लेषण प्रसिद्ध केलं.

दोन गठ्ठे एकत्र करण्याची कल्पना मात्र संगणकाच्या आधीची. आयबीएमचं कोलेटर हे यंत्र 1930च्या दशकाच्या उत्तरार्धातच आधी लावून ठेवलेले पंच कार्डांचे दोन गठ्ठे एका क्रमात मिसळत असे. दोन्हींच्या वरच्या कार्डांवरचे आकडे ताडून पाहायचे, लहान असेल ते उचलायचं, की झालं. पण गठ्ठे मुळात लावलेले नसतील तर? तर ते निम्मे करत जायचं, थेट एकेका कार्डापर्यंत. एकटं कार्ड नेहमीच 'लावलेलं' असतं. तिथून पुन्हा जोडत यायचं.

हे आठ आकडे घ्या: 38, 27, 43, 3, 9, 82, 10, 55. डाव्या चारांच्या दोन जोड्या लावून जोडल्या की 3, 27, 38, 43 मिळतात. उजव्या चारांचे 9, 10, 55, 82. आता शेवटची जोडणी. 3 आणि 9 मधून 3 उचलला. 27 आणि 9 मधून 9. 27 आणि 10 मधून 10. पुढे डावीकडचे 27, 38, 43 एकेक करून 55 शी ताडून उचलले. डावी बाजू संपली, म्हणून 55 आणि 82 न तपासता जसेच्या तसे खाली आले. या जोडणीला सहा तुलना लागल्या, आणि सुरुवातीपासूनच्या सगळ्या जोडण्या धरल्या तर सोळा.

यात 9 काय करतो ते पाहण्यासारखं आहे. 27 शी एकच तुलना झाली आणि तो 27, 38, 43 या तिघांच्याही पुढे गेला. 38 आणि 43 शी त्याला ताडावंच लागलं नाही, कारण ते 27 पेक्षा मोठे आहेत हे आधीच ठरलेलं होतं. मर्ज सॉर्टची सगळी कमाई इथे आहे.

बबल सॉर्टला ही सोय नाही. तिथे शेजारशेजारच्या दोघांचीच अदलाबदल होते, आणि एका अदलाबदलीने एकाच जोडीचा उलटा क्रम सुलटा होतो. सर्वांत लहान आकडा यादीच्या टोकाला असेल, तर डावीकडून सुरू होणाऱ्या एका फेरीत तो एकच घर पुढे सरकतो. मराठीत सांगायचं तर गोगलगाय. पद्धतीचं हे बुडबुड्याचं नाव 1962 पर्यंत छापील पुस्तकात आलेलं होतं, आणि ती अजून अभ्यासक्रमात टिकून आहे ती बहुधा या नावामुळेच, असं मला वाटतं.

वरच्या आठ आकड्यांसाठी बबल सॉर्टच्या सगळ्या फेऱ्या केल्या तर 28 तुलना होतात. 28 विरुद्ध 16 हा फरक काही डोळ्यांत भरत नाही. यादी दहा लाखांची करा. निम्मे करत एकापर्यंत पोचायला साधारण 20 पातळ्या लागतात, आणि प्रत्येक पातळीवर जास्तीत जास्त दहा लाख तुलना, म्हणजे एकूण सुमारे दोन कोटी. बबल सॉर्टच्या होतात जवळपास 50 हजार कोटी. सेकंदाला दहा कोटी तुलना धरल्या, तर एकीकडे सेकंदाचा पाचवा भाग आणि दुसरीकडे सुमारे 83 मिनिटं. यादी दुप्पट केली की बबल सॉर्टचं काम चौपट होतं. मर्ज सॉर्टचं दुपटीहून थोडंसंच जास्त.

अर्थात याची किंमत असते. नेहमीच्या रीतीने जोडणी करायला यादीएवढी वेगळी जागा लागते. यादी आधीच लागलेली असेल, तर 'अदलाबदल झाली नाही, थांबा' एवढी अट घातलेला बबल सॉर्ट एका फेरीत मोकळा होतो, साधा मर्ज सॉर्ट मात्र सगळं तोडून पुन्हा जोडत बसतो. 2002 मध्ये टिम पीटर्स यांनी पायथॉनसाठी लिहिलेल्या टिमसॉर्टने ही उणीव भरून काढली: तो आंधळेपणाने निम्मे करत नाही, यादीत आधीच क्रमाने लागलेले तुकडे शोधतो, फार लहान असतील ते इन्सर्शन सॉर्टने, म्हणजे पुढचा एकेक आकडा त्याच्या जागी घुसवत, वाढवतो आणि मग जोडतो.

स्वतः जोडणी लिहिताना एक चूक हमखास होते. डावा आकडा उचलण्याची अट `<=` हवी, तिथे `<` पडतं. नुसते आकडे असतील तर निकाल अगदी बरोबर दिसतो. पण नावांनुसार लावलेली यादी पुन्हा गुणांनुसार लावली, की सारखे गुण असलेल्यांची नावं उलटसुलट झालेली सापडतात.