वक्र सरकला की दबला: डोस-रिस्पॉन्सच्या प्रश्नामागचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाची चाचणी होती. कॉलेज तालुक्याच्या गावाबाहेर, खिडकीतून सरळ पऱ्हाटी दिसते. फळ्यावर मी दोन डोस-रिस्पॉन्स वक्र काढले, आडवा डोस आणि उभा परिणाम. एक अ‍ॅगोनिस्टचा, म्हणजे पेशीवरच्या रिसेप्टरला बसून परिणाम घडवणाऱ्या औषधाचा, एकट्याचा आणि दुसरा त्याला अडवणारा ब्लॉकर दिल्यानंतरचा, तेवढ्याच उंचीचा पण उजवीकडे सरकलेला. ब्लॉकर कोणत्या जातीचा ते सांगा, एवढाच प्रश्न. मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "कॉम्पिटिटिव्ह आहे जी सर, मॅक्स तर तेवढाच आहे ना." कॉम्पिटिटिव्ह म्हणजे त्याच जागेसाठी झगडणारा, पण सुटणारा ब्लॉकर. पुस्तकी उत्तर हेच, आणि मार्कही यालाच मिळतात. पण मी काढलेला दुसरा वक्र फिनॉक्सिबेन्झामिनचा होता, आणि ते रिसेप्टरला कायमचं चिकटतं. ही गफलत पोरांची एकट्यांची नाही. हा घोळ निस्तरायला शास्त्राला बरीच वर्षं लागली.

सुरुवात 1878 मध्ये, लाळेपासून. केंब्रिजचे लँग्ली मांजराच्या लाळग्रंथीवर काम करत होते. पिलोकार्पिन दिलं की लाळ सुटायची, अ‍ॅट्रोपिन दिलं की थांबायची आणि पिलोकार्पिन वाढवलं की पुन्हा सुटायची. दोघांपैकी कोण जिंकणार हे दोघांच्या प्रमाणावर ठरतं, यावरून दोन्ही औषधं एकाच कुठल्यातरी पदार्थाला जाऊन भिडत असावीत असा त्यांनी कयास बांधला. 1905 मध्ये निकोटिन आणि क्युरारेचे कोंबडीच्या स्नायूवरचे प्रयोग झाल्यावर त्यांनी त्या पदार्थाला ग्राही द्रव्य म्हटलं. रिसेप्टर कुणीही पाहिलेला नव्हता. त्याचं अस्तित्व एका औषधाने दुसऱ्याला हटवण्यावरून मानलं गेलं होतं, आणि परीक्षेतले वक्र आजही तेच दाखवतात.

वक्र खऱ्या अर्थाने कागदावर उतरला तो 1926 मध्ये, ए. जे. क्लार्क यांच्या हातून. बेडकाच्या हृदयाच्या स्नायूवर अ‍ॅसिटिलकोलिनचे वाढते डोस द्यायचे, मग अ‍ॅट्रोपिन ठेवून तेच पुन्हा करायचं. डोस लॉगमध्ये मांडला तर अ‍ॅट्रोपिन वाढवत नेताना वक्र आकार न बदलता, समांतर, उजवीकडे जात राहतो. आमच्या पिढीने असे वक्र काजळी धरलेल्या कागदावर काढलेत. शेरिंग्टनचा ड्रम संथ फिरायचा. तीस सेकंद बेसलाइन, नव्वद सेकंद औषध, मग धुणं, आणि पाच मिनिटांनी पुढचा डोस. धुण्यात घाई केली तर पुढचा डोस आधीच्या उरलेल्यावर चढायचा आणि वक्र उगाच डावीकडे झुकायचा. आता बेडूक गेले, हे सगळं संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये होतं. बेडकाचं भलं झालं, पण धुतल्यावर काय होतं हे हाताला कळायचं राहून गेलं. ती गोष्ट पुढे लागणार आहे.

गॅडम यांनी 1937 मध्ये या सरकण्याला समीकरण दिलं, आणि शिल्ड यांनी ते मोजण्याची सोय केली. 1947 मध्ये त्यांनी पीए-टू ही संज्ञा आणली. अ‍ॅगोनिस्टचा डोस बरोब्बर दुप्पट करावा लागेल एवढं ब्लॉकरचं प्रमाण घ्यायचं आणि त्याच्या लॉगचं चिन्ह उलटायचं, की झाला पीए-टू. 1959 मध्ये अरुणलक्षणा आणि शिल्ड यांनी त्याचा सरळ रेषेचा आलेख दिला.

आकडे घालून पाहू. आतड्याच्या तुकड्यावर अ‍ॅसिटिलकोलिनचा ईसी-50, म्हणजे अर्धा परिणाम देणारं प्रमाण, 30 नॅनोमोलर धरा. अ‍ॅट्रोपिनचा पीए-टू साधारण 9 येतो, म्हणजे त्याचा विघटन स्थिरांक, अर्धे रिसेप्टर व्यापणारं प्रमाण, 1 नॅनोमोलर. 10 नॅनोमोलर अ‍ॅट्रोपिन ठेवलं, तर तेवढाच परिणाम मिळवायला अ‍ॅगोनिस्ट किती पट लागेल? एक अधिक दहा, म्हणजे 11 पट. ईसी-50 आता 330 नॅनोमोलर झाला. अ‍ॅट्रोपिन 100 नॅनोमोलर केलं तर 101 पट लागेल आणि ईसी-50 तीन मायक्रोमोलरच्या जरा वर जाईल. या पटीला डोस रेशो म्हणतात. त्यातून एक वजा करून लॉग घेतला की 1 आणि 2 येतात. ब्लॉकर दहापट केला की हा आकडा बरोब्बर एकाने वाढतो, म्हणून शिल्डच्या रेषेचा उतार एक. पोरं एक वजा करायला विसरतात. मोठ्या पटीत ते खपून जातं, पण डोस रेशो 3 असेल तर उत्तर साफ चुकतं.

इथवर सगळं सरळ. पण या मांडणीखाली क्लार्क यांनी धरलेलं एक गृहीतक होतं: जितके रिसेप्टर व्यापले तितका परिणाम. अर्धे व्यापले तर अर्धा, सगळे व्यापले तर पूर्ण. मग रिसेप्टर कायमचे बाद करणारा ब्लॉकर दिला तर कमाल उंची लगेच घटायला हवी. पुस्तकातली "कॉम्पिटिटिव्ह सरकवतो, इरिव्हर्सिबल दाबतो" ही जोडी याच समजुतीतून आली. मात्र 1950 च्या दशकात फर्चगॉट आणि निकरसन यांनी डायबेनामिनसारखी चिकट औषधं लावून पाहिली, तेव्हा वक्र आधी उजवीकडे सरकला, उंची तशीच ठेवून, आणि नंतरच दबला.

स्टीफन्सन यांनी 1956 मध्ये याचं उत्तर दिलं. पूर्ण परिणामाला सगळे रिसेप्टर लागतच नाहीत. जोरदार अ‍ॅगोनिस्टचं थोडक्यावर भागतं, बाकीचे शिल्लक असतात.

मी हे वेचणीवरून सांगतो. एका वावराचा कापूस दिवसात वेचायला शंभर बाया पुरतात आणि गावात हजार आहेत. मुकादमाने दहातल्या एका घरी हाक मारली की काम झालं. पाचशे बाया दुसऱ्या गावी गेल्या तरी काम पूर्णच होतं, फक्त त्याला आता पाचातल्या एका घरी जावं लागतं. साडेनऊशे गेल्या तर मात्र कितीही हिंडला तरी पन्नासच हाती लागणार आणि अर्धं वावर राहणार.

रिसेप्टरच्या हिशेबातही असंच होतं. दहा टक्के रिसेप्टर व्यापायला अ‍ॅगोनिस्टचं प्रमाण त्याच्या विघटन स्थिरांकाच्या एक नवमांश लागतं, वीस टक्के व्यापायला एक चतुर्थांश. म्हणजे निम्मे रिसेप्टर कायमचे मेले तरी वक्र जेमतेम सव्वादोन पट उजवीकडे जातो आणि उंचीला धक्का लागत नाही. माझ्या फळ्यावरचा दुसरा वक्र हाच.

मग ओळखायचं कसं? ब्लॉकर वाढवत न्यायचा. कॉम्पिटिटिव्ह असेल तर वक्र सरकतच राहील आणि शिल्डची रेषा सरळ येईल. चिकटणारा असेल तर थोडा सरकून उंची कोसळेल. दुसरी खूण धुण्याची. धुतल्यावर वक्र जागेवर आला तर ब्लॉकर सुटणारा, नाही आला तर चिकटलेला. प्रश्नात एकच सरकलेला वक्र देऊन जात विचारली असेल, तर माझ्या मते तो प्रश्नच अर्धवट आहे. परीक्षेत कॉम्पिटिटिव्ह लिहा, पण मनाशी शंका ठेवा.

पार्शल अ‍ॅगोनिस्टची, म्हणजे सगळे रिसेप्टर व्यापूनही पूर्ण परिणाम न देणाऱ्याची, गोष्ट यातूनच निघते. डच शास्त्रज्ञ अरिएन्स यांनी 1954 मध्ये आणि स्टीफन्सन यांनी दोन वर्षांनी एक गोष्ट वेगळी काढली: रिसेप्टरला बसणं निराळं आणि बसून काम करवणं निराळं. स्टीफन्सन यांनी गिनीपिगच्या आतड्यावर एकाच कुळातली संयुगं लावली, कार्बनची साखळी वाढवत. आखूड साखळीची पूर्ण आकुंचन देत होती. साखळी लांबली तसा परिणाम घटत गेला, आणि लांब साखळीची उलट दुसऱ्या अ‍ॅगोनिस्टच्याच आड यायला लागली. अ‍ॅगोनिस्ट, पार्शल आणि ब्लॉकर हे तीन वेगळे कप्पे नसून एकाच उतारावरच्या जागा आहेत, हे तिथे दिसलं.

पार्शलला आपली तोकडी उंची गाठायलाही सगळे रिसेप्टर लागतात, शिल्लक काही नसतं. म्हणून चिकटणाऱ्या ब्लॉकरने त्याचा वक्र सरकत नाही, पहिल्याच डोसला खाली बसतो. एकाच ब्लॉकरने एक वक्र सरकवला आणि दुसरा दाबला असं चित्र दिलं असेल, तर दोन ब्लॉकर शोधू नका. दुसरा अ‍ॅगोनिस्ट पार्शल आहे. कॉम्पिटिटिव्ह ब्लॉकर मात्र पार्शललाही समांतरच सरकवतो, त्याच्या स्वतःच्या छतापर्यंत.

पार्शल आणि पूर्ण अ‍ॅगोनिस्ट एकत्र दिले की पोरं हमखास अडखळतात. पार्शल आधीपासून भरपूर असेल तर वक्र शून्यापासून सुरू न होता पार्शलच्या उंचीपासून सुरू होतो. मग बराच वेळ सपाट राहून पूर्ण अ‍ॅगोनिस्टच्या मोठ्या डोसला वर चढतो आणि शेवटी पूर्ण कमाल गाठतो. डावीकडे मदत, उजवीकडे अडथळा. 1958 मध्ये आलेल्या डायक्लोरोआयसोप्रिनालिनची गत हीच होती. ते बीटा रिसेप्टर अडवायचं पण हृदयाला स्वतःही हाकायचं, म्हणून औषध म्हणून टिकलं नाही. जेम्स ब्लॅक यांना न हाकता अडवणारं हवं होतं, त्यातून 1964 मध्ये प्रोप्रॅनोलॉल आलं.

आमच्याकडे हा वक्र वर्गाबाहेरही भेटतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फवारणीच्या विषबाधेच्या बातम्या देशभर गेल्या. ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशक अ‍ॅसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे अंगात अ‍ॅगोनिस्टच वाढतो. अ‍ॅट्रोपिनची साधी अ‍ॅम्प्यूल 0.6 मिलिग्रॅमची. अशा रुग्णाला सुरुवातच तीन ते पाच अ‍ॅम्प्यूलने होते आणि छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करतात. नातेवाईक विचारतात, एवढी इंजेक्शनं काऊन? वरचं गणित उलट वाचा: अ‍ॅगोनिस्ट 11 पट झाला तर त्याला जुन्या जागी आणायला ब्लॉकर विघटन स्थिरांकाच्या दहापट लागणार. स्पर्धा आहे म्हणूनच डोस वाढवून जिंकता येते.

मात्र त्याच रुग्णाची मान उचलत नाही, श्वासाचे स्नायू थकतात, आणि अ‍ॅट्रोपिन कितीही दिलं तरी त्यात फरक पडत नाही. अ‍ॅसिटिलकोलिनच्या रिसेप्टरच्या दोन जाती: या स्नायूंतले निकोटिनिक, अ‍ॅट्रोपिन अडवतं ते मस्करिनिक. हाच सापळा परीक्षेत बेडकाच्या रेक्टस स्नायूच्या रूपाने येतो: अ‍ॅसिटिलकोलिनचा वक्र, सोबत नेहमीच्या प्रमाणात अ‍ॅट्रोपिन, नवा वक्र कुठे जाईल? मागच्या चाचणीत जवळजवळ सगळ्यांनी तो उजवीकडे नेला. रेक्टसचे रिसेप्टर निकोटिनिक असतात, तिथे ट्यूबोक्युरारिन द्यावं लागतं. अ‍ॅट्रोपिनने वक्र जिथल्या तिथे राहतो. एका मुलीने एकावर एक दोन रेषा काढल्या होत्या, आणि तपासताना मला आधी वाटलं की तिने दुसरी काढलीच नाही.