एफआयआर आहे, तपास थांबलाय: कोर्टात अर्ज करायचा की खासगी फिर्याद?

नोव्हेंबरमध्ये एक आई माझ्याकडे आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचा अविवाहित मुलगा रात्री कामावरून स्कूटरने घरी येत होता. मागून टिपरची धडक बसली आणि टिपर न थांबता निघून गेला. बांबोळीच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. नऊ महिने त्या दर पंधरवड्याला पोलीस स्टेशनात जात होत्या आणि दर वेळी एकच उत्तर घेऊन परतत होत्या: "तपास चालू आसा, बाये." त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कुणीतरी टाइप करून दिलेली खासगी फिर्याद तयार होती. फक्त सही करायची बाकी होती. ती सही मी थांबवली. का थांबवली, तेच इथे लिहितो, कारण गोव्यात पेडणे-डिचोलीपासून सत्तरीपर्यंतचे लोक हीच चूक करून कोर्टाच्या पायऱ्या चढताना मी पाहिले आहेत. (घरच्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

खासगी फिर्याद आणि तपासासाठीचा अर्ज, दोन्ही कागद वरवर सारखेच दिसतात. दोन्ही जातात त्याच प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, म्हणजे ज्यांच्या हद्दीत ते पोलीस स्टेशन येतं त्यांच्यापुढे. दोन्हींत "माझ्या मुलाला न्याय मिळावा" असंच लिहिलेलं असतं. पण पुरावा कुणी शोधायचा, या एका प्रश्नावर ते एकमेकांच्या उलट दिशेला जातात.

खासगी फिर्याद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ खाली होते. तिच्यात तुम्ही कोर्टाला सांगता की गुन्हा घडलाय, तो अमक्याने केलाय, हे माझे साक्षीदार, आता त्याच्यावर खटला चालवा. मग दंडाधिकारी तुम्हाला आणि तुमच्या साक्षीदारांना शपथेवर तपासतात. पुरावा उभा करण्याचं ओझं तुमच्या खांद्यावर येतं. १ जुलै २०२४ पासून त्यात आणखी एक अट आली: ज्याच्यावर आरोप आहे त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टाला दखल घेता येत नाही. आता या आईंचं उदाहरण घ्या. नोटीस कुणाला काढायची? टिपरचा नंबर माहीत नाही, चालकाचं नाव माहीत नाही. फोल्डरमधल्या फिर्यादीत आरोपीच्या जागी "अज्ञात इसम" असं लिहिलं होतं. अज्ञात इसमाला समन्स जात नाही.

त्याहून मोठी अडचण कलम २३३ ची आहे, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. त्याच गुन्ह्याचा पोलीस तपास चालू असल्याचं दिसलं, तर दंडाधिकाऱ्यांना खासगी फिर्यादीचं कामकाज थांबवून पोलिसांकडून अहवाल मागवावाच लागतो. म्हणजे कागदोपत्री चालू असलेला, प्रत्यक्षात धूळ खात पडलेला तपासच तुमची फिर्याद अडवून बसतो. आईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांना वाटत होतं, पोलीस काही करत नाहीत तर आपण कोर्टात केस टाकली की ती चालणार.

त्यांना हवा होता तो दुसरा कागद: कलम १७५(३) खालचा अर्ज. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १५६(३) होतं आणि वकिलांच्या तोंडी अजूनही तोच आकडा आहे. त्यात तुम्ही खटला मागत नाही. तपास हे पोलिसांचं काम आहे आणि ते नीट झालेलं नाही, एवढंच सांगता आणि दंडाधिकाऱ्यांनी त्याकडे लक्ष द्यावं अशी विनंती करता. शोधायचं ओझं पोलिसांकडेच राहतं.

इथे पोलीस हमखास एक आक्षेप घेतात: हे कलम एफआयआर नोंदवायला नकार दिला तर, आम्ही तर एफआयआर नोंदवलीय. कलम नुसतं वाचलं तर त्यांचं म्हणणं बरोबर वाटेल. पण २००८ साली साकिरी वासू विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १५६(३) चा अर्थ रुंद केला. तिथेही एक बापच होता. लष्करात अधिकारी असलेल्या त्याच्या मुलाचा मृतदेह मथुरा स्टेशनात सापडला होता, पोलिसांनी अपघात किंवा आत्महत्या म्हटलं आणि बापाला ते पटलं नव्हतं. त्याने मागितलेला सीबीआय तपास त्याला मिळाला नाही. पण न्यायालयाने सांगितलं की तपास नीट व्हावा यासाठी लागणारे अधिकार दंडाधिकाऱ्यांकडे आहेत, त्यात तपासावर देखरेख ठेवणंही आलं, आणि नातेवाइकाने उठसूट हायकोर्टात न जाता आधी तिथे जावं. महाराष्ट्रातल्या सुधीर भास्करराव तांबे प्रकरणात तेच पुन्हा सांगितलं गेलं, आणि तपास अधिकारी बदलण्याची शिफारस दंडाधिकारी वरिष्ठांकडे करू शकतात हेही. एफआयआर असूनही या कलमाखाली अर्ज करता येतो तो या निवाड्यांच्या आधारे, म्हणून अर्जात त्यांचा उल्लेख हवाच.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट मात्र तपासून घ्या. तुमच्याकडे असलेला नंबर खरंच एफआयआरचा आहे ना? विहिरीत, समुद्रात किंवा भाड्याच्या खोलीत कुणी मृत सापडलं की पोलीस पुष्कळदा फक्त अनैसर्गिक मृत्यूची नोंद करतात आणि कलम १९४ खाली चौकशी करतात. घरच्यांना वाटतं केस दाखल झाली. ती गुन्ह्याची नोंद नसते. तसं असेल तर अर्जात आधी एफआयआरच मागावी लागते. या आईंच्या बाबतीत एफआयआर होती: भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १०६(१).

आता अर्जात काय लिहिलं ते सांगतो. १७५(३) च्या अर्जाला शपथपत्र लागतंच. आधी पोलीस निरीक्षकांकडे आणि मग अधीक्षकांकडे लेखी दाद मागितल्याचंही दाखवावं लागतं. आई नऊ महिने फक्त जाऊन भेटत होत्या, कागद एकही नव्हता. म्हणून पहिला महिना आम्ही कोर्टात गेलोच नाही. निरीक्षकांना पत्र दिलं, त्याच्या प्रतीवर पोच घेतली. उत्तर आलं नाही तेव्हा अधीक्षकांना स्पीड पोस्टने पाठवलं, पावती आणि पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवला. पत्रात एक साधा प्रश्न होता: कलम १९३(३) प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती पीडिताला किंवा फिर्यादीला कळवायची असते, ती का कळवली नाही? पीडिताच्या व्याख्येत कायदेशीर वारस येतो, त्यामुळे आईंचा हा हक्क होता. या पत्राचंही उत्तर आलं नाही, आणि ते न येणं अर्जात आमच्याच उपयोगी पडलं.

अर्जाचा जीव त्याच्या मागण्यांत असतो आणि बहुतेक अर्ज तिथेच कोसळतात. "आरोपीला तात्काळ अटक करावी", "सीबीआयकडे द्यावे", "आरोपपत्र दाखल करण्याचा आदेश व्हावा" असं लिहिलेलं असतं. दंडाधिकारी यातलं काहीच करू शकत नाहीत. सीबीआय त्यांच्या हाताखाली येत नाही आणि कुणाला अटक करायची, तपासाअंती काय मत द्यायचं हे पोलिसांच्या अखत्यारीतलं आहे. त्यांना विचारता येतं ते हे: काय केलं, काय केलं नाही, आणि का.

म्हणून आम्ही पंचनाम्याची प्रत घेऊन बसलो. त्यात एक ओळ होती, जी आईंनी शंभर वेळा वाचली असेल: घटनास्थळी इंडिकेटरच्या पिवळ्या काचेचा तुकडा, त्याला लागलेला रंग, जप्त. तो तुकडा प्रयोगशाळेत गेल्याचा उल्लेख त्यानंतर कुठेही नव्हता. त्या रस्त्यावर पुढे एक चिरेखाण आहे. रात्री येणाऱ्या-जाणाऱ्या टिपरची नोंद तिच्या गेटवरच्या वहीत असते आणि ती वही कुणी मागवली होती असं दिसत नव्हतं. अलीकडच्या पेट्रोल पंपावर कॅमेरा आहे. आई सांगत होत्या की चौथ्याच दिवशी त्यांच्या पुतण्याने पंपावर जाऊन विचारलं, तेव्हा मॅनेजर म्हणाला, पोलिसांनी मागितलं तरच देऊ. असं फुटेज काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. १०६(१) ला पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, त्यामुळे खटल्याला कायद्याची मुदत आडवी येत नाही. कॅमेरा मात्र त्या मुदतीची वाट बघत नाही.

या तीन गोष्टी आम्ही तीन परिच्छेदांत मांडल्या. मागणीत "काच प्रयोगशाळेत पाठवा" असं लिहिलं नाही. लिहिलं ते असं: जप्त केलेल्या काचेची तपासणी झाली का, नसल्यास का नाही, गेटची वही आणि पंपाचं फुटेज कधी मागितलं, याचा अहवाल तपास अधिकाऱ्याने केस डायरीसह सादर करावा आणि पुढचा तपास ठरलेल्या मुदतीत कोर्टाच्या देखरेखीखाली व्हावा. केस डायरी आपल्याला बघायला मिळत नाही, पण दंडाधिकारी ती मागवून वाचू शकतात. डायरीत जूननंतर एकही नोंद नसेल, तर ते सांगायला वकील लागत नाही.

पुढच्या तारखेला अहवाल आला. फुटेज "उपलब्ध नाही" असं होतं, त्याला आता इलाज नाही. काचेचा तुकडा मात्र अर्जाची नोटीस गेल्यानंतरच्या आठवड्यात प्रयोगशाळेकडे रवाना झाला होता, आणि गेटच्या वहीसाठी खाणमालकाला नोटीस निघाली होती. दंडाधिकाऱ्यांनी सहा आठवड्यांनी पुढचा अहवाल मागितला. अर्ज फेटाळला गेला असता तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण आणि त्यापुढे पर्वरीला हायकोर्ट हे मार्ग होते. सध्या तरी त्यांची गरज पडलेली नाही.

अर्जाच्या शेवटी आम्ही आणखी एक ओळ घातली होती. या प्रकरणात एफआयआर हवालदाराने दिली होती, आईंनी नव्हे. टिपर सापडत नाही म्हणून पोलिसांनी उद्या तपास बंद करण्याचा अहवाल दिला, तर कोर्टाने तो स्वीकारण्याआधी एफआयआर देणाऱ्या फिर्यादीला नोटीस द्यावी लागते. १९८५ च्या भगवंत सिंग निवाड्याप्रमाणे मृताच्या नातेवाइकाला मात्र तशी नोटीस मिळण्याचा हक्क नाही. त्याला स्वतःहून हजर राहून म्हणणं मांडता येतं, पण त्यासाठी अहवाल आल्याचं आधी कळायला हवं. म्हणून आम्ही लिहिलं: अंतिम अहवाल सादर झाल्यास अर्जदाराला या पत्त्यावर कळवावे. तसं झालंच, तर त्या अहवालाला विरोध करताना खासगी फिर्यादीचा मार्ग खऱ्या अर्थाने उघडेल, कारण तेव्हा तपास "चालू" नसेल आणि कलम २३३ ची अडचण राहणार नाही. तोवर गेटच्या वहीतून एखादा नंबर हाती आला असेल, तर "अज्ञात इसम" या शब्दांच्या जागी नावही लिहिता येईल. ती टाइप केलेली फिर्याद आईंनी फाडली नाही. फोल्डरच्या मागच्या कप्प्यात, मुलाच्या लायसन्सच्या झेरॉक्ससोबत, ती सही न करता ठेवलेली आहे.