मुदत संपली, घर सुटत नाही : पत्र रागात लिहू नका

आमच्याकडे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घेणाऱ्या घरमालकांसाठी हे पत्रक आहे. करार करताना सगळे खूश असतात. अकरा महिन्यांनी भाडेकरू निघत नाही, मग मालक रात्री जेवण झाल्यावर मोबाइल हातात घेतात आणि मनात येईल ते लिहून पाठवतात. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येऊन विचारतात, "बरोबर लिहिलंय ना?" तोवर समोरच्याच्या फोनवर दोन निळ्या खुणा उमटलेल्या असतात.

एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील आणि आकडे बदलले आहेत. वन बीएचके फ्लॅट, करार 1 फेब्रुवारी ते 31 डिसेंबर, महिना 18,000 रुपये, डिपॉझिट 60,000. करार रीतसर नोंदवलेला. डिसेंबर सरला, भाडेकरू "दुसरं घर बघतोय" म्हणत राहिला. 9 जानेवारीला मालकांनी हे पत्र दिलं :

"महाशय, आपला मुक्काम अजून हललेला दिसत नाही. राहा, राहा! धर्मशाळाच आहे आमची. हवं तर आणखी सहा महिने राहा, भाडं नाही दिलंत तरी चालेल, आम्हाला तेवढंच पुण्य! पण एक लक्षात ठेवा. रविवारपर्यंत कुलूप तोडून तुमचं सामान रस्त्यावर नाही टाकलं तर नाव सांगणार नाही. आमचा पुतण्या कोणाबरोबर फिरतो, तेही जरा विचारून घ्या."

वाचताना हसू येतं. मालकांचा संतापही समजतो. पण हे पत्र वकिलाच्या टेबलावर ठेवलं की त्याचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही भाडेकरूच्या कामाचे ठरतात.

पहिला तुकडा टोमण्याचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चं कलम 24 राहत्या घराच्या मालकाला एक सरळ वाट देतं. लायसन्सची मुदत संपली आणि घर परत मिळालं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे मुळात दाखवायचं एवढंच, की करार होता, तो अमुक तारखेला संपला आणि ताबा मिळालेला नाही. लेखी करारात जे लिहिलंय त्याला हे कलम निर्णायक पुरावा मानतं. समन्स मिळाल्यापासून भाडेकरूला 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी बचावाची परवानगी मागावी लागते, आणि त्यात मालकाचा ताबा मागण्याचा हक्कच अडेल असं काहीतरी दाखवावं लागतं. एरवी त्याच्याकडे दाखवण्यासारखं फारसं काही नसतं. इथे मालकांनीच ते सहीनिशी पुरवलं : "आणखी सहा महिने राहा, भाडं नाही दिलंत तरी चालेल."

टोमणा हा आवाजात असतो, कागदावर त्याचे फक्त शब्द उरतात. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला मालकाच्या कपाळावरची आठी दिसत नाही. भाडेकरूचा वकील शांतपणे म्हणतो, मालकांनी स्वतःहून मुदत वाढवून दिली, हे बघा त्यांचंच पत्र. मालकांना मग "ते मी खोचकपणे लिहिलं होतं" हे समजावत बसावं लागतं. बहुतेक वेळा ते पटतंही, कारण खालच्या ओळीत धमकी आहे आणि सहा महिने राहू देणारा माणूस रविवारची मुदत देत नाही. पण ते पटवण्यात तारखा जातात. जिथे बोलण्यासारखं काही नव्हतं तिथे वादाला जागा झाली, हेच नुकसान.

करार नोंदवलेलाच नसेल तर हा टोमणा आणखी महाग पडतो. याच कायद्याचं कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. तो तसा नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. अशा वेळी "राहा की आरामात" असं एक वाक्य त्याच्या बाजूला जाऊन बसलं की ते उठवणं सोपं नाही. (नोंदणीचा आग्रह आम्ही फीसाठी धरतो असं काही जण म्हणतात. फी घेतो, हे खरंच आहे.)

दुसरा तुकडा धमकीचा. मुदत संपलेल्या भाडेकरूलाही कुलूप तोडून, सामान फेकून बाहेर काढता येत नाही. त्यासाठी कायद्याचीच वाट आहे. "मला जबरदस्तीने काढतील" अशी भीती आहे म्हणून भाडेकरू मनाई हुकूम मागायला न्यायालयात जातो, तेव्हा त्या भीतीला आधार काय, हे त्याला दाखवावं लागतं. या प्रकरणात त्याने 9 जानेवारीचं पत्र जोडलं. पुतण्याच्या वाक्यामुळे पोलीस ठाण्यातही अर्ज गेला. धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 खाली गुन्हा आहे. मालकांचा ताब्याचा अर्ज अजून तयार व्हायचा होता आणि ते आधीच दोन ठिकाणी उत्तरं देत होते. घर त्यांचं, मुदत संपलेली, तरी कागदावर तक्रारदार समोरचा आणि हे आरोप झालेले.

इथे खरं तेही सांगायला हवं. एका वाईट पत्राने घर जात नाही. करार संपल्याची तारीख पत्रातल्या शिवीने पुढे सरकत नाही. जातो तो वेळ, आणि जाते समोरच्याला "आपण बसून तोडगा काढू" असं म्हणायला लावण्याची ताकद. पत्र हातात आल्यावर तो उलट म्हणू लागतो, तक्रार मागे घेतो, दोन महिने फुकट राहू द्या.

आता तेच पत्र कसं लिहायचं ते बघा. बोलताना आपण भाडेकरू म्हणतो, पण पत्रात करारातला शब्द, म्हणजे लायसन्सी, तोच ठेवावा. रकमेलाही भाडे न म्हणता लायसन्स फी म्हणावं.

"आपल्या-माझ्यातील नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत 31 डिसेंबर रोजी संपली आहे. मुदत वाढवलेली नाही व नवीन करार झालेला नाही. सदनिकेचा ताबा आपण अद्याप दिलेला नाही.

कृपया 25 जानेवारीपर्यंत सदनिका रिकामी करून चाव्या द्याव्यात. त्या दिवशी आपण दोघे मिळून सदनिका पाहू आणि मीटर वाचनाची नोंद करू. वीज बिलाची बाकी व करारात ठरलेल्या वजावटी सोडून अनामत रकमेतील उरलेली रक्कम मी चाव्या घेताना परत करीन.

त्या तारखेपर्यंत ताबा न मिळाल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 24 प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून 1 जानेवारीपासून लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागावी लागेल. या पत्रामुळे मुदतवाढ दिली असे समजू नये. माझे सर्व हक्क अबाधित आहेत."

या पत्रात एकही कडक शब्द नाही आणि भाडेकरूला जास्त भीती याचीच वाटते. 18,000 च्या जागी महिना 36,000 हा हिशेब तो स्वतःच करतो. धमकी आणि इशारा यांतला फरक इथेच आहे : मी माझ्या हाताने काय करीन हे लिहिलं की धमकी, कायद्याने मला काय मागता येतं आणि कुठे, हे लिहिलं की इशारा. पुतण्याचा उल्लेख पहिल्या जातीचा. "तुमच्या ऑफिसात कळवीन", "सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकीन" हेही त्याच जातीचं. त्यातून ताबा मिळत नाही, अब्रूनुकसानीची नोटीस मात्र येऊ शकते.

डिपॉझिटचं वाक्य मालकांना खटकतं. "त्याने अडवलंय, मी पैसे परत करायचं कशाला लिहू?" असं विचारतात. कारण "डिपॉझिट मिळेना म्हणून घर सोडलं नाही" हे उत्तर आम्ही सर्वात जास्त वेळा ऐकतो, आणि या एका वाक्याने ते आधीच बंद होतं. वाक्य लिहायला काही खर्च नाही; पैसे चाव्या घेतानाच द्यायचे आहेत. मात्र पैसे तयार ठेवा. तारीख लिहून त्या दिवशी "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणालात तर हेच पत्र तुमच्यावर उलटेल.

मुदतीनंतर भाडेकरू गुपचूप 18,000 खात्यावर टाकतो, तेव्हाही शब्द सांभाळा. "जानेवारीचं भाडं मिळालं, धन्यवाद" असा निरोप गेला की करार पुढे चालू राहिल्याचा मुद्दा तयार होतो. त्याऐवजी त्याच दिवशी एवढंच लिहा : "31 डिसेंबरनंतरच्या वापराच्या नुकसानभरपाईपोटी ही रक्कम हक्क अबाधित ठेवून जमा धरली आहे. मुदत वाढवलेली नाही."

काही जण वरच्या कोपऱ्यात "विदाऊट प्रिज्युडिस" लिहून खाली वाटेल ते लिहितात. ते चिलखत नाही. तडजोडीची बोलणी पुढे पुरावा म्हणून वापरली जाऊ नयेत यासाठी ते शब्द असतात. खाली कुलूप तोडायची भाषा असेल तर ती तडजोडीची बोलणी होत नाहीत.

पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोच जपा, आणि तेच पत्र व्हॉट्सअॅपवरही टाका. व्हॉट्सअॅपवरचे निरोप प्रमाणपत्रासह पुराव्यात येतात, आणि आपण निवडलेला एकच निरोप दाखवला तर बाकीचं संभाषण समोरचा दाखवतो. म्हणून सकाळी सभ्य पत्र आणि रात्री त्याच नंबरवर शिव्या, असं चालत नाही. घरातल्या इतरांनाही सांगून ठेवा. अर्ध्या वेळा तो निरोप मुलाने नाहीतर मेहुण्याने पाठवलेला असतो.

रागाचं पत्र आधीच गेलं असेल तर निरोप पुसत बसू नका, समोरच्याकडे त्याचा फोटो आहे असं धरून चाला. वरचं पत्र पाठवा आणि त्यात सुरुवातीला हे जोडा : "माझ्या 9 जानेवारीच्या पत्रातील काही वाक्ये संतापाच्या भरात लिहिली गेली. राहण्याबद्दलचे वाक्य परवानगी किंवा मुदतवाढ नव्हते. कायदेशीर मार्गाखेरीज ताबा घेण्याचा माझा विचार नाही." वरच्या प्रकरणात मालकांनी हे पत्र 21 जानेवारीला, म्हणजे बारा दिवस उशिरा पाठवलं, त्यात मुदत 5 फेब्रुवारीची धरली. घर मार्चअखेर सुटलं. पोलिसांतला अर्ज चाव्या देताना मागे घेतला गेला.

आम्ही वकील नाही. कलम 24 चा अर्ज करायची वेळ आली की वकिलांकडे जावंच लागेल. त्याआधीचं पहिलं पत्र लिहायचं असेल तर कराराची प्रत, शेवटची दोन वीज बिलं आणि भाडेकरूबरोबरचं संपूर्ण व्हॉट्सअॅप संभाषण घेऊन या. मसुदा वाचून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, पण पाठवण्याआधी आणा.