बिघडलेल्या डाउनलोडची rsync द्वारे अंशतः दुरुस्ती

उतरवून घेतलेली मोठी फाइल काही ठिकाणी खराब निघाल्यास ती सगळी पुन्हा न आणता, मूळ सर्व्हरवरच्या प्रतीशी ताडून फक्त बिघडलेले तुकडे आणण्याची पद्धत. त्यासाठी `rsync` ही आज्ञावली वापरतात. स्थापनेच्या आयएसओ प्रतिमा, नकाशांचे संच, आभासी यंत्रांच्या डिस्क अशा काही गिगाबाइटच्या फायलींना ती विशेष उपयोगी पडते. दुरुस्तीसाठी सर्व्हरवर एचटीटीपीखेरीज `rsync` सेवा किंवा एसएसएच प्रवेश असावा लागतो. ही अट बऱ्याच ठिकाणी पुरी होत नाही, आणि पद्धतीची खरी मर्यादा तीच आहे.

उगम : या पद्धतीचे मूळ दोन बाजूंनी शोधता येते. एक धागा मोडेमच्या काळातल्या संदेशनियमांकडे जातो. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांच्या एक्समोडेममध्ये (१९७७) फाइल १२८ बाइटांच्या गटांनी पाठवली जाई आणि बेरीज न जुळलेला गट पुन्हा मागवला जाई. झेडमोडेममध्ये (१९८६ च्या सुमारास) तुटलेले पाठवणे जिथे थांबले तिथून पुढे चालू करण्याची सोय आली. मात्र या दोन्हींत दुरुस्ती होते ती पाठवणे चालू असताना. फाइल पूर्ण उतरली, दोन दिवसांनी उघडली आणि तेव्हा बिघाड लक्षात आला, तर त्यांचा उपयोग नाही.

दुसरा धागा फायलींतील फरक शोधण्याचा आहे, आणि प्रस्तुत नोंदीत तोच अधिक ग्राह्य मानला आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या तांत्रिक अहवालात जून १९९६ मध्ये ही रीत मांडली. आज्ञावलीही त्याच महिन्यात जाहीर झाली. ट्रिजेल यांच्या १९९९ च्या प्रबंधात तिचे सविस्तर विवेचन आहे. अहवालातला प्रश्न असा होता : संथ जोडणीच्या दोन टोकांना एकाच फाइलच्या थोड्या वेगळ्या प्रती आहेत, आणि दोन्ही प्रती एका जागी नसल्याने नेहमीसारखी तुलना करता येत नाही. तेव्हा कमीत कमी मजकूर पाठवून एक प्रत दुसरीसारखी कशी करायची? बिघडलेली फाइल हीही ‘थोडी वेगळी प्रत’च असते. त्यामुळे दुरुस्तीसाठी वेगळे काही रचावे लागले नाही.

सरकती बेरीज : ज्याच्याकडे जुनी, म्हणजे इथे बिघडलेली, प्रत आहे तो तिचे सारख्या लांबीचे गट पाडतो आणि प्रत्येक गटाच्या दोन खुणा, म्हणजे त्यातल्या बाइटांवरून काढलेले छोटे आकडे, सर्व्हरला पाठवतो. एक खूण काढायला स्वस्त, ३२ बिटांची. दुसरी महाग पण भरवशाची. सर्व्हर आपल्या चांगल्या प्रतीवरून एकेक बाइट पुढे सरकत प्रत्येक जागी स्वस्त खूण काढतो. ती यादीतल्या एखाद्या खुणेशी जुळली तरच महाग खूण काढून खात्री करतो. जुळलेल्या गटासाठी तो नुसता क्रमांक पाठवतो, न जुळलेल्या भागाचे मात्र प्रत्यक्ष बाइट पाठवतो.

एकेक बाइटवर नव्याने खूण काढणे परवडते, कारण ती सरकती आहे. तिचे १६-१६ बिटांचे दोन भाग असतात : गटातल्या बाइटांची साधी बेरीज आणि जागेनुसार वजन दिलेली बेरीज. चौकट एका बाइटने सरकली की मागचा बाइट वजा होतो, पुढचा मिळवला जातो आणि नवी खूण तयार होते. मधले हजारो बाइट पुन्हा वाचावे लागत नाहीत. अशा सरकत्या खुणेची कल्पना कार्प आणि रेबिन यांच्या १९८७ च्या शोधरीतीत आहे. अहवालात मात्र मार्क ॲडलर यांच्या बेरजेपासून प्रेरणा घेतल्याचे म्हटले आहे, आणि दोन भागांची रचनाही तिच्याशीच जुळते. ॲडलर यांच्या रीतीत बाकी ६५५२१ या मूळ संख्येने काढतात. इथे ती २^१६ ने काढल्यामुळे भागाकार उरतच नाही. भरवशाची खूण सुरुवातीला एमडी४ होती, २००८ च्या ३.०.० आवृत्तीपासून एमडी५ आली, आणि २०२० च्या ३.२.० पासून दोन्ही टोके xxHash सारखा वेगवान पर्यायही ठरवू शकतात.

सरकतेपणाचा फायदा असा की, फाइलच्या मध्येच काही बाइट गळाले किंवा जास्तीचे घुसले आणि पुढचा सगळा मजकूर जागेवरून हलला, तरी तो ओळखला जातो. ठरावीक जागेच्या गटांची तुलना करणारी रीत अशा वेळी पुढची सगळी फाइलच बिघडलेली समजेल.

एक उदाहरण : डाउनलोड करणाऱ्या बऱ्याच आज्ञावली सुरुवातीलाच फाइलची पूर्ण जागा राखून ठेवतात आणि तिचे भाग समांतर भरतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना भर दुपारी वीज गेली आणि संगणक तडकाफडकी बंद पडला, तर न भरलेल्या किंवा डिस्कवर न पोचलेल्या भागांत शून्ये राहतात. फाइलची लांबी मात्र पूर्ण दिसते. समजा अशी फाइल ४ गिगाबाइटची (४,२९,४९,६७,२९६ बाइट) आहे आणि तिच्यात तीन ठिकाणी मिळून २० मेगाबाइटची भोके आहेत.

`rsync` गटाची लांबी साधारणपणे फाइलच्या लांबीच्या वर्गमुळाइतकी धरते. वरची मर्यादा १२८ किलोबाइट. इथे वर्गमूळ ६५,५३६ येते, म्हणजे ६४ किलोबाइटचे ६५,५३६ गट. एवढ्या फाइलला भरवशाची खूण पूर्ण न पाठवता तिचे ४ बाइट पाठवले जातात. स्वस्त खुणेचे ४ मिळवून दर गटाला ८ बाइट, म्हणजे वर जाणारा मजकूर सुमारे ५१२ किलोबाइट. खाली येतो तो २० मेगाबाइटांहून किंचित जास्त, कारण भोकाची कड गटाच्या मध्येच पडली तर तो गट सबंध आणावा लागतो. ४ गिगाबाइटऐवजी साधारण २१ मेगाबाइटांत काम होते.

आज्ञा अशी (पत्ता नमुन्याचा) :

```
rsync -tI --inplace --stats rsync://mirror.example.org/iso/disk.iso .
sha256sum -c --ignore-missing SHA256SUMS
```

यातला `-I` हा पर्याय निर्णायक आहे. लांबी आणि बदलाची वेळ जुळली तर `rsync` फाइल तशीच सोडून देते, आत पाहत नाही. आपल्या उदाहरणात लांबी जुळतेच. शिवाय `wget` सर्व्हरवरची वेळच स्थानिक फाइलला लावते, म्हणून तिने आणलेल्या फाइलची वेळही जुळू शकते. अशा वेळी आज्ञा क्षणात संपते, चूक दाखवत नाही आणि फाइल बिघडलेलीच राहते. काम झाले की नाही हे `--stats` च्या दोन ओळींवरून कळते : `Matched data` म्हणजे जागेवरच सापडलेला मजकूर आणि `Literal data` म्हणजे प्रत्यक्ष आणलेला. दोन्ही शून्य असतील तर फाइलला हातच लागलेला नाही. `-I` ऐवजी `-c` चालते, पण त्यात तुलना सुरू होण्याआधीच सर्व्हरला सबंध फाइलची खूण काढावी लागते. सर्व्हरचालकांना हा पर्याय बंद ठेवण्याची सोय आहे, म्हणून `-I` बरा.

`--inplace` आणि `--partial` : कोणताही पर्याय न दिल्यास `rsync` नवी फाइल शेजारी तात्पुरत्या नावाने रचते आणि शेवटी जुनीच्या जागी ठेवते. त्यासाठी डिस्कवर आणखी ४ गिगाबाइट मोकळे लागतात. मध्येच जोडणी तुटली तर तात्पुरती फाइल पुसली जाते, जुनी प्रत मात्र तशीच राहते. हे सुरक्षित आहे.

डाउनलोडच्या सवयीने `-P` किंवा `--partial` दिला तर मात्र घात होऊ शकतो. १ गिगाबाइट रचून झाल्यावर जोडणी तुटली, तर ती अर्धवट फाइलच जुनीच्या जागी बसते आणि उरलेले ३ गिगाबाइट, जे बहुतांशी चांगले होते, हातचे जातात. `--inplace` मध्ये बदल थेट जुन्या फाइलमध्ये होतात. एरवी या पर्यायाविषयी सावधगिरी सांगतात, कारण मध्येच थांबल्यास फाइल धड जुनी नसते, धड नवी नसते. पण इथे फाइल मुळातच बिघडलेली आहे. थांबेपर्यंत जेवढे गट दुरुस्त झाले तेवढे दुरुस्तच राहतात आणि पुन्हा आज्ञा दिली की उरलेलेच आणले जातात. मजकूर जागेवरून हललेला असेल तर `--inplace` ची काटकसर घटते, कारण पुढे लागणारा गट आधीच पुसला गेलेला असू शकतो. तशा वेळी जागा मोकळी करून तात्पुरत्या फाइलची रीत वापरावी.

`--append` या कामाचा नाही. तो असलेला भाग बरोबर धरून फक्त शेपूट जोडतो, आणि लांबी पूर्ण असलेल्या फाइलकडे वळतही नाही.

पडताळणी आणि मर्यादा : रचना संपल्यावर `rsync` सबंध फाइलची खूण दोन्ही टोकांना ताडते. न जुळल्यास `failed verification` असा इशारा देऊन अधिक लांब खुणांनी फेरी पुन्हा करते. तरीही प्रकाशकाने सही केलेल्या एसएचए-२५६ यादीशी फाइल जुळवणे आवश्यक आहे, कारण `rsync://` जोडणी कूटबद्ध नसते आणि सर्व्हरवरची प्रतच चुकीची असेल तर दुरुस्तीही तशीच होते. सर्व्हरवर दरम्यान नवी आवृत्ती आली असल्यास आतला मजकूर बहुधा नव्याने दाबलेला असतो, म्हणून जुळणारे गट फार थोडे सापडतात. `Literal data` चा आकडा फाइलएवढा फुगला की आवृत्तीचा क्रमांक आधी पाहावा. मजकूर-पद्धतीने एफटीपी केलेल्या फाइलमध्ये ओळींच्या शेवटांचे बाइट सर्वत्र बदललेले असतात. जवळजवळ प्रत्येक गटात फरक असल्याने तिथेही काटकसर होत नाही.

दुरुस्तीनंतरही खूण जुळत नसेल तर दोष फाइलबाहेर असण्याचा संभव धरावा. `sha256sum` दोनदा चालवून वेगवेगळी उत्तरे आली, तर रॅम किंवा डिस्कची जोडणी तपासावी. उत्तर सारखेच आले म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये, कारण दुसरे वाचन रॅममध्ये राहिलेल्या प्रतीवरून झालेले असू शकते. संगणक बंद करून चालू केल्यावर घेतलेली खूण अधिक भरवशाची.

महाविद्यालयाच्या किंवा कचेरीच्या जाळ्यात टीसीपी ८७३ हे द्वार अनेकदा बंद असते. मध्यस्थ सर्व्हर त्या द्वाराकडे जोडणी करू देत असेल तर `RSYNC_PROXY` या चलात त्याचा पत्ता दिल्यास काम होते. सर्व्हरवर `rsync` सेवाच नसेल तर कॉलिन फिप्स यांची `zsync` ही उलटी रीत उपलब्ध आहे. तीत गटांच्या खुणा प्रकाशक आधीच काढून `.zsync` फाइलमध्ये ठेवतो, सरकता शोध डाउनलोड करणाऱ्याच्या संगणकावर होतो, आणि हवे तेवढे तुकडे साध्या एचटीटीपीने मागवले जातात.