फिल्टर आणि पिव्हट: दोन्ही यादीच लहान करतात, पण सारखं नाही

आमच्या आत्येभावाचं, म्हणजे दादाचं, इंदूरला सियागंजात मसाल्याचं होलसेल आहे. एप्रिल ते जूनची सगळी विक्री एक्सेलमधे, 2,640 ओळी. तारीख, बिल नंबर, पार्टी, एरिया, माल, किलो आणि रक्कम. बिलात पाच माल असले तर पाच ओळी. मी रविवारी पोहे खायला गेलो तर हा वही घेऊन बसलेला. एरियावर फिल्टर लावायचा, महू निवडायचं, मालात जिरं निवडायचं, तारखेत जून निवडायचं, रकमेचा कॉलम सिलेक्ट करून खाली पट्टीत Sum काय येतोय ते बघून वहीत लिहायचं, की मग पुढचा एरिया. म्हटलं दादा पिव्हट का नाही लावत, तर म्हणे "अरे तेच तर करतोय."

तेच नाहीये ते. आणि हा घोटाळा भल्याभल्यांचा होतो, कारण दोन्हीत यादी आटोपशीर दिसते.

फिल्टर काय करतो तर ओळी लपवतो, बस. 2,640 पैकी 9 दिसतात, बाकीच्या तिथेच आहेत, फक्त डोळ्याआड. म्हणूनच कॉलमच्या डोक्यावर साधा SUM लावला असेल तर फिल्टर बदला नाहीतर काहीही करा, आकडा हलत नाही, तो लपलेल्या ओळीपण मोजतो. दादा यातच अर्धा तास फसला होता. दिसणाऱ्या ओळींचीच बेरीज हवी असेल तर दुसरं सूत्र लागतं:

```
=SUM(G2:G2641)
=SUBTOTAL(9,G2:G2641)
```

पिव्हट एकही ओळ लपवत नाही. तो सगळ्या 2,640 ओळी वाचतो, सारख्या सारख्या एका ढिगात टाकतो आणि प्रत्येक ढिगाचा एकच आकडा वेगळ्या जागी मांडतो. आपल्याकडे महिन्याच्या शेवटी खतावणी करायचे ना, रोजमेळातल्या नोंदी पार्टीवार खात्यात चढवायच्या, तसंच, फक्त मुनीमजींना आठवडा लागायचा.

दादाचा खरा प्रश्न होता की कुठल्या एरियात कुठला माल महिन्यागणिक पडतोय. एरिया 6, माल 8, महिने 3, म्हणजे फिल्टरच्या रस्त्याने 144 वेळा निवडा आणि 144 वेळा वहीत लिहा. पिव्हटमधे यादीत कुठेही क्लिक करून Insert मधून PivotTable, मग उजवीकडे कॉलमांची नावं येतात ती ओढून टाकायची. एरिया आणि त्याच्याखाली माल Rows मधे, तारीख Columns मधे, रक्कम Values मधे. तारखा एकेक दिवसाच्या आल्या तर एका तारखेवर राइट क्लिक, Group, Months. (इथे गटच पडत नसतील तर बहुतेक कुणीतरी 12.4.24 असं टिंबं देऊन तारीख लिहिलीये, ती एक्सेलच्या लेखी तारीख नाही, शब्द आहे.)

झालं, पण आकडे भलतेच. महूच्या जिऱ्यासमोर 17, 17, 9. दादा म्हणे "हजारात आहे का हे?" नाही, Values मधे Sum च्या जागी Count आला होता. रकमेच्या कॉलमात एखादा जरी शब्द असला तर एक्सेल बेरीज सोडून ओळी मोजायला लागतो. बहुतेक लोक इथे Sum निवडून पुढे निघून जातात, आणि तिथेच मार खातात, कारण ज्या खान्यात शब्द आहे तो बेरजेत शून्य धरला जातो, गुपचूप, कुठे लाल खूण नाही की काही नाही. बरं, ताळा करायला मूळ कॉलमला SUM लावला तर तोही शब्द सोडूनच जोडतो, म्हणजे दोन्ही आकडे छान जुळतात आणि दोन्ही चूक.

म्हणून Sum करायच्या आधी रक्कम Values मधे दोनदा टाकायची, एकाला Count, दुसऱ्याला Count Numbers. पहिला भरलेले सगळे खाने मोजतो, दुसरा फक्त आकडे असलेले. आमचे आले 2,640 आणि 2,637. म्हणजे तीन खाने खोटे. आता ते शोधायला पिव्हट कामाचा नाही, इथे फिल्टरच पाहिजे: रकमेच्या फिल्टरची यादी उघडायची, आकडे आधी येतात आणि शब्द सगळ्यात खाली जाऊन बसतात. तिथे सापडले तिघे, "6800/-", "4200 रु" आणि एक नुसतंच "उधार". कारकुनाची कृपा.

ते नीट केले, पिव्हट Refresh केला (एक्सेलचा पिव्हट यादीची आतल्या आत एक प्रत ठेवतो, यादी बदलली तरी Refresh दाबेपर्यंत जुनंच दाखवतो, गूगल शीट्समधे ही भानगड नाही), मग Sum केला. एरियात महू आणि म्हौ दोन वेगळे निघाले, त्याला स्पेलिंग कळत नाही, दोन नावं म्हणजे दोन ढीग, तेही यादीत जाऊन एक केलं. त्यानंतर महूचं जिरं असं दिसलं: एप्रिल 86,000, मे 84,500, जून 41,200. बाकी सगळं जवळपास सपाट. 144 आकड्यांत तो एक खड्डा डोळ्यात घुसला, वहीत लिहिला असता तर पान 3 वर कुठेतरी पडून राहिला असता.

किती, कुणाचं जास्त, कुठे वाढलं कुठे घटलं, एकूणात वाटा केवढा, असले प्रश्न पिव्हट चुटकीत सोडवतो. वाट्यासाठी तर आकड्यावर राइट क्लिक करून Show Values As मधे टक्के निवडले की काम झालं. पण "बिलं किती फाटली" विचारलंत तर सावधान, कारण Count ओळी मोजतो आणि एका बिलाच्या पाच ओळी आहेत. वेगळी बिलं मोजायची तर पिव्हट बनवतानाच Add this data to the Data Model वर टिक करावी लागते, तेव्हा कुठे Distinct Count दिसतो. गूगल शीट्समधे COUNTUNIQUE सरळ मिळतं.

आणि "का घटलं" हे तो सांगतच नाही. त्यासाठी 41,200 वर डबल क्लिक केलं, नवीन शीटवर त्याच्या मागच्या 9 ओळी उघडल्या, मेच्या आकड्यावर केलं तर 17. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कळलं की महूची एक मोठी पार्टी जूनच्या पहिल्या हफ्त्यानंतर गायबच. दादाने तिथल्या तिथे फोन लावला. मुलीचं लग्न होतं, तीन आठवडे शटर खाली.

त्या नऊ ओळींत एका बिलाची रक्कमही चुकलेली दिसली, दादाने लगेच तिथेच सुधारली आणि Refresh दाबला. 41,200 जागचा हलला नाही. दोनदा दाबून बघितलं, मग माझ्याकडे बघायला लागला. डबल क्लिकने उघडलेलं शीट म्हणजे निव्वळ नक्कल, सुधारणा मूळ यादीतच करावी लागते. तो मूळ यादीत गेला, फिल्टर लावला, बिल नंबर निवडला, आणि एकदाची ती ओळ सापडली.